दाढेत ‘सिमेंट’ भरण्याआधी: चांदी, कंपोझिट की ग्लास आयोनोमर, हे कोणत्या क्रमाने ठरवायचं

अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यातले बरेच पेशंट खुर्चीत बसता बसता सांगतात, “डॉक्टरसाहेब, दाढमा सिमेंट भरेल शे, तरी दुखी ऱ्हायनी.” मी विचारतो, कुठलं सिमेंट? उत्तर येतं, “पांढरं.” सगळा गोंधळ या एका शब्दात आहे. आपल्याकडे ग्लास आयोनोमर आणि कंपोझिट या दोन्हींना लोक सिमेंटच म्हणतात. दोन्ही पांढरट दिसतात, पण दोन्हींची ताकद, भरण्याची पद्धत, खर्च आणि आयुष्य यांत मोठा फरक आहे. तिसरी अमालगम, म्हणजे आपली चांदी. ती रंगावरून लगेच ओळखू येते, म्हणून तिच्याबाबत गोंधळ कमी आणि भीती जास्त असते.

दुसरी चूक क्रमाची. लोक आधी साहित्य ठरवून येतात आणि कीड कुठे आहे ते नंतर बघतात. खरा क्रम उलटा आहे. आधी कीड कुठे आहे ते बघायचं, मग किती खोल गेली आहे ते, मग ती जागा कोरडी ठेवता येईल का ते, आणि शेवटी काय भरायचं ते. खालचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. मुख्य भर दोन दाढांच्या मधल्या किडीवर आहे, कारण सर्वांत जास्त फिलिंगं तिथेच फसतात.

## टप्पा १: दवाखान्यात जाण्याआधी दुखणं नीट पाहा

गोळी घेऊन दुखणं दाबण्याआधी एक दिवस त्याकडे लक्ष द्या. थंड पाणी प्यायल्यावर कळ येते का? येत असेल तर पाणी गिळल्यावर ती किती वेळ टिकते? दोन-चार सेकंदांत थांबत असेल तर दाताची नस बहुधा शाबूत आहे आणि फिलिंगने काम भागण्याची शक्यता आहे. कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळत असेल, गरम चहाने वाढत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर कीड बहुतेक नसेपर्यंत पोचली आहे. मग तिन्हींपैकी काहीही भरलं तरी दुखणं थांबणार नाही, कारण तो रूट कॅनालचा विषय झाला.

अन्न कुठे अडकतं तेही लक्षात ठेवा. कळण्याच्या भाकरीचा तुकडा किंवा शेवभाजीतली भिजलेली शेव रोज त्याच दोन दाढांच्या मध्ये अडकत असेल आणि काडी घालूनच निघत असेल, तर तिथे दोन दातांचा एकमेकांना होणारा स्पर्श सुटला आहे. मधली कीड असल्याची ही पहिली खूण असते.

जाताना पोट भरून जा. खालच्या दाढेला भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ओठ आणि जीभ दोन ते चार तास बधिर राहतात, त्या वेळात जेवता येत नाही. रक्त पातळ करायची गोळी, मधुमेह, गरोदरपण, आधी एखाद्या इंजेक्शनची आलेली रिॲक्शन, हे सगळं दाढेला हात लावण्याआधी सांगा.

थांबा: गाल किंवा जबडा सुजला असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा ताप असेल तर फिलिंगची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

## टप्पा २: एक्स-रे काढूनच जागा आणि खोली ठरवा

दाढेच्या चावण्याच्या बाजूला काळी रेघ दिसली की लोकांना वाटतं, कीड तेवढीच आहे. मधली कीड वरून दिसतच नाही. ती दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात तिथे, स्पर्शाच्या किंचित खाली सुरू होते आणि आतून पसरते. वरचं कवच टणक असतं, म्हणून ते टिकून राहतं, आणि एक दिवस शेंगदाणा चावताना कोपरा तुटतो. पेशंट म्हणतो, “काल तुटली.” आत पोकळी मात्र वर्षभरापासून असते.

म्हणून छोटा एक्स-रे हवाच. त्यात तीन गोष्टी डॉक्टरांना विचारा. कीड नसेपासून किती लांब आहे? तिचं खालचं टोक हिरडीच्या वर आहे की खाली? आणि कीड काढल्यावर दाढेच्या भिंती किती जाड उरतील? ही तीन उत्तरं मिळाली की साहित्याचा प्रश्न जवळजवळ सुटतो.

इथे एक ठरलेली चूक सांगतो, कारण ती मुलांना आयुष्यभर भोवते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा कुठलाही दात पडलेला नसतो, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ‘पडणारच आहे, भरून काय करायचं’ म्हणून ती किडू देतात. ती कायमची पहिली दाढ असते, पुन्हा येत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाची मागची दाढ किडली असेल तर आधी विचारा, ही पडणारी आहे की राहणारी? पडणार असेल तर ग्लास आयोनोमर बहुतेक वेळा पुरतं. राहणार असेल तर पुढचा सगळा विचार करावा लागतो.

तपासा: “एक्स-रे नको, नुसतं भरून द्या” असा आग्रह तुम्हीच धरत नाही ना? मधल्या किडीत एक्स-रेशिवाय भरलेल्या दाढेखाली कीड राहून गेली, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

## टप्पा ३: तिन्ही साहित्यं दाताला कशी धरून राहतात ते समजून घ्या

ताकद, दिसणं आणि आयुष्य या तिन्हींचं मूळ एकाच गोष्टीत आहे: हे साहित्य दाताला पकडतं कसं?

चांदी दाताला चिकटत नाही. चांदी, कथील आणि तांबं यांच्या भुकटीत साधारण तितक्याच वजनाचा पारा मिसळून तिचा लगदा करतात आणि तो खड्ड्यात दाबून बसवतात. ती बाहेर पडू नये म्हणून खड्ड्याचं तोंड अरुंद आणि तळ किंचित रुंद ठेवावा लागतो. शिवाय थर दीड-दोन मिलिमीटर जाड नसेल तर ती तुटते. या दोन्ही कारणांनी कधी कधी चांगला दातही थोडा कापावा लागतो. त्या बदल्यात मिळते ती चावण्याचा दाब सोसायची ताकद, आणि ती तिघांत सर्वाधिक आहे. भरताना थोडी लाळ लागली तरी ती बरंच सहन करते. कालांतराने तिच्या कडेला गंज धरतो आणि तोच दात व चांदी यांतली बारीक फट बुजवतो. चांदी काळी पडते पण टिकते, ती याचमुळे. नीट भरलेली चांदी दहा-पंधरा वर्षं सहज जाते, मी याहून जुन्याही पाहिल्या आहेत.

कंपोझिट म्हणजे रेझिनमध्ये काचेची अतिबारीक भुकटी. दातावर आधी फॉस्फोरिक आम्लाचं जेल लावून सूक्ष्म खडबडीतपणा आणतात, त्यावर बाँड, म्हणजे चिकटवणारा द्रव, लावतात, मग साहित्याचे थर भरून निळ्या लाइटने कडक करतात. ते दाताला चिकटतं, म्हणून फक्त किडका भाग काढला की पुरतं आणि उरलेल्या पातळ भिंतींना आधारही मिळतो. रंग दाताशी इतका जुळतो की नंतर शोधावं लागतं. अडचण एकच, पण मोठी: भरताना लाळ किंवा रक्त लागलं की पकड जाते. शिवाय कडक होताना ते आकाराने साधारण दोन-तीन टक्के आकसतं, म्हणून एकदम न भरता दोन मिलिमीटरच्या थरांनी भरावं लागतं. काही नवी कंपोझिटं चार मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येतात, पण कोरडेपणाची अट तिथेही तीच. नीट भरलेलं कंपोझिट मागच्या दाढेत सात-दहा वर्षं चालतं, घाईत भरलेलं दोन वर्षांतही जातं. मागच्या दाढांमध्ये चांदी आणि कंपोझिट यांची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा कंपोझिट निकामी होण्याचं प्रमाण चांदीच्या जवळजवळ दुप्पट आढळलं, आणि त्यामागे मुख्यतः कडेने पुन्हा लागलेली कीड होती.

ग्लास आयोनोमर हेच खरं सिमेंट. काचेची भुकटी आणि आम्लाचं द्रावण कालवलं की ते काही मिनिटांत घट्ट होतं आणि दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं. बाँड लागत नाही, साध्या प्रकाराला लाइटही लागत नाही, आणि त्यातून हळूहळू फ्लोराइड सुटत राहतं. म्हणून वीज आणि यंत्रं नसलेल्या ठिकाणी, सातपुड्याच्या पाड्यांवरच्या शिबिरांसारख्या कामात, हाताच्या अवजाराने कीड खरवडून हेच भरता येतं. पण ते ठिसूळ आहे. सरळ दाब ते बऱ्यापैकी सोसतं, वाकवणारा ताण आला की मोडतं. दोन दाढांच्या मधल्या भिंतीवर प्रत्येक घासाला नेमका तोच ताण येतो. तिथे ते झिजतं, कोपरा तुटतो, स्पर्श सुटतो आणि अन्न पुन्हा अडकायला लागतं. दिसायला पांढरं असलं तरी अपारदर्शक, खडूसारखं दिसतं.

त्याची खरी जागा वेगळी आहे. हिरडीलगत दात झिजून पडलेली खाच (मशेरी किंवा कडक ब्रश आडवा घासणाऱ्यांना ती हमखास असते), म्हाताऱ्या माणसांच्या उघड्या पडलेल्या मुळांवरची कीड, दुधाचे दात, आणि खोल किडीत काही महिने वाट पाहायची असेल तेव्हाचं तात्पुरतं फिलिंग. हिरडीलगतच्या खाचेत ते चांगली पाच-सात वर्षं टिकताना मी पाहतो. तेच साहित्य दाढांच्या मध्ये भरलं तर दोन-तीन वर्षंही कठीण.

सुरुवातीच्या काळात ही चूक मीही केली. कापूस वेचणीच्या दिवसांत एक बाई आल्या. मजुरी बुडेल म्हणून त्यांना एकाच खेपेत काम हवं होतं आणि पैसेही कमी होते. मी दोन दाढांच्या मध्ये ग्लास आयोनोमर भरून दिलं आणि ते कायमचं नाही, हे स्पष्ट सांगितलं नाही. सात महिन्यांनी त्या तुटलेली भिंत आणि नसेपर्यंत गेलेली कीड घेऊन परत आल्या. तेव्हापासून तात्पुरतं भरलं की मी कागदावर ‘तात्पुरतं’ लिहून पुढची तारीख टाकतो. तुमच्या डॉक्टरांकडूनही ते लिहून घ्या.

थांबा: चांदीबद्दल. गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, 15 वर्षांखालचं मूल आणि दुधाचे दात यांत चांदी भरायची नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातही 2022 मध्ये हेच मान्य झालं आहे, आणि 2018 पासून भारत त्या करारात आहे. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून अगदी मोजके अपवाद सोडून चांदी बंद केली. याचा अर्थ तोंडातली जुनी चांदी उकरून काढा असा नाही. त्याबद्दल शेवटच्या टप्प्यात सांगतो.

## टप्पा ४: जागा आणि साहित्य यांची जोडी लावा

आता नानांची दाढ घ्या. वय 42, पारोळ्याजवळ कपाशीची शेती, तंबाखूची सवय. उजवीकडची खालची पहिली दाढ. तिच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या दाढेला टेकते तिथे, तीन वर्षांत दोनदा ‘पांढरं सिमेंट’ भरलेलं. दोन्ही वेळा ते तुटलं. थंड पाण्याने कळ येत होती, पण तीन-चार सेकंदांत थांबत होती. रात्री दुखत नव्हतं.

एक्स-रेत दिसलं की उरलेल्या सिमेंटखाली कीड पसरली आहे, पण नसेपर्यंत अजून जवळजवळ दोन मिलिमीटर चांगला दात शिल्लक आहे. किडीचं खालचं टोक हिरडीच्या जेमतेम वर, तिथे कवचाची पातळ कड उरलेली. जिभेकडची भिंत बारीक.

यात ग्लास आयोनोमर पुन्हा भरणं म्हणजे तिसऱ्यांदा तेच करणं, म्हणून ते बाद. चांदी चालली असती. नानांना पुढे तंबाखूचे डाग पडण्याची काळजी नव्हती आणि मागच्या दाढेचा रंग कोणी बघत नाही. पण चांदी अडकवायला तळ रुंद करावा लागला असता, त्यात जिभेकडची बारीक भिंत आणखी बारीक झाली असती, आणि ती तुटली असती तर कॅपशिवाय पर्याय उरला नसता. कंपोझिटने त्या भिंतीला धरून ठेवलं असतं. म्हणून कंपोझिट, पण एका अटीवर.

त्यांच्या हिरड्यांवर दगडासारखं कीटण साचलं होतं आणि काडी लावली तरी रक्त येत होतं. त्या दिवशी कंपोझिट भरलं असतं तर खालच्या कडेला रक्त झिरपलं असतं आणि पकड तिथेच सुटली असती. म्हणून पहिल्या खेपेत दात साफ केले, तुटलेलं सिमेंट आणि मऊ कीड काढली, तात्पुरतं भरलं आणि दहा दिवसांनी बोलावलं. नाना नाराज झाले. “एका खेपेमा काम करी टाका ना,” म्हणाले. दहा दिवसांनी आले तेव्हा हिरडी गुलाबी झाली होती आणि काडी लावली तरी रक्त येत नव्हतं.

हिरडीतून रक्त येत असताना कंपोझिटची घाई ही तुमच्या-आमच्या भागातली सर्वांत महागडी घाई आहे. किडीचं टोक हिरडीच्या खाली असेल आणि जागा कोरडी ठेवता येतच नसेल, तर दोन मार्ग उरतात. एक, पेशंट चांदी न भरायच्या वरच्या यादीत बसत नसेल आणि भिंती जाड असतील तर चांदी. दुसरा, तळाला ग्लास आयोनोमर आणि त्यावर कंपोझिट, म्हणजे ओल सहन करणारं खाली आणि ताण सहन करणारं वर. आणि दाढेचा कोपराच गेला असेल, उरलेल्या भिंती कागदासारख्या असतील, तर यातलं काहीच भरू नका. तिथे कॅप किंवा ऑनले, म्हणजे बाहेर घडवून दाढेवर चिकटवलेला तुकडा, याचा विचार करायला हवा.

## टप्पा ५: खर्च वर्षाला भागून मोजा

दर गावागणिक बदलतात, म्हणून माझ्याच दवाखान्यातले आकडे देतो, तुम्ही तुमचे घालून पाहा. दोन बाजू भराव्या लागणाऱ्या अशा दाढेला ग्लास आयोनोमर 500 रुपये, चांदी 700, कंपोझिट 1500.

नानांच्या दाढेत ग्लास आयोनोमर सरासरी दीड वर्ष टिकलं, म्हणजे वर्षाला साधारण 333 रुपये. कंपोझिट आठ वर्षं धरलं तर वर्षाला 188. चांदी बारा वर्षं धरली तर 58. म्हणजे हातात सर्वांत कमी पैसे लागले ते वर्षाच्या हिशेबात सर्वांत महाग पडलं. शिवाय प्रत्येक वेळी जुनं काढताना दात थोडा थोडा कमी होत जातो, तो या आकड्यांत धरलेलाच नाही. नुसत्या पैशांचा हिशेब केला तर चांदीला तोड नाही, हे मी लपवत नाही. नानांनी वरचे 800 रुपये मोजले ते त्या बारीक भिंतीसाठी.

दर विचारताना एवढं विचारा: यात एक्स-रे, भूल आणि पॉलिश धरलं आहे का? एका बाजूचा दर आहे की दोन? आणि ‘सिमेंट’ म्हणजे नेमकं कोणतं? लाइटने कडक करणार म्हणजे कंपोझिटच, असंही समजू नका, कारण लाइटने घट्ट होणारं ग्लास आयोनोमरही मिळतं. बिलावर साहित्याचं नाव लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

पैशांची अडचण खरी असेल तर धुळ्याच्या दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात चौकशी करा. महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण कंपोझिटला घाई नसणं हे दातासाठी चांगलंच.

## टप्पा ६: खुर्चीत बसल्यावर काय घडायला हवं

भूल चढल्यावर कीड काढतात. नसेजवळ कीड खोल असेल तर तळाशी थोडा बदललेल्या रंगाचा पण टणक भाग मुद्दाम ठेवतात, त्याने घाबरू नका. कडा मात्र पूर्ण स्वच्छ हव्यात.

मधल्या किडीत यानंतरची पायरी फार महत्त्वाची. दाढेभोवती धातूची पातळ पट्टी बसवून, दोन दाढांच्या मध्ये खालून छोटी पाचर घालतात. पट्टीमुळे नवी भिंत नीट आकारात येते. पाचर पट्टीला खाली घट्ट दाबून धरते आणि दाढांना किंचित दूर सारते, त्यामुळे पट्टी काढल्यावर दोन दाढा पुन्हा एकमेकींना टेकतात. पाचर न घालता भरलं की भिंत फुगीर किंवा अपुरी होते आणि शेव पुन्हा तिथेच जाऊन बसते. हिरडीवर दाब जाणवेल, दुखणार नाही.

कंपोझिट असेल तर दाढ रबराच्या पातळ पडद्यातून वर काढलेली सर्वांत उत्तम. ते नसेल तर कापसाच्या गुंडाळ्या बदलत राहून आणि लाळ ओढायची नळी सतत चालू ठेवून काम व्हायला हवं. मग साधारण पंधरा सेकंद आम्ल, धुणं, हलकं कोरडं करणं, बाँड, लाइट, आणि थरामागून थर. प्रत्येक थराला साधारण वीस सेकंद लाइट. या काळात तोंड मिटू नका, चूळ मागू नका, जीभ दाढेकडे नेऊ नका. एक चूळ सगळी पकड घालवते. काही हवं असेल तर हात वर करा.

चांदीत पकड दाबण्यातून येते. लगदा थोडा थोडा घालून जोराने ठासतात आणि मऊ असतानाच आकार कोरतात. ग्लास आयोनोमर भरल्यावर त्यावर वार्निश किंवा व्हॅसलीन लावलं जातं, कारण पहिल्या काही मिनिटांत त्याला लाळ आणि कोरडी हवा दोन्ही बाधतात.

तपासा, उठण्याआधी: निळा कागद चावायला देऊन उंची पाहिली का? दोन दाढांच्या मध्ये दोरा घालून पाहिला का? दोरा थोडा अडखळून ‘टक्’ करत आत जायला हवा आणि न फाटता बाहेर यायला हवा. सहज सरकला तर स्पर्श झालेला नाही. ते तिथेच सांगा, घरी जाऊन दुरुस्त होत नाही.

## टप्पा ७: पहिले चोवीस तास आणि पहिले पंधरा दिवस

कंपोझिट खुर्चीतून उठतानाच कडक झालेलं असतं. फक्त बधिरपणा जाईपर्यंत चावू नका, गाल आणि ओठ चावले जातात. लहान मुलांना हे दोनदा बजावून सांगा. चांदी पहिल्या तासात अर्धवटच कडक असते आणि पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात, म्हणून एक दिवस दुसऱ्या बाजूने जेवा. चांदी भरून तासाभरात शेंगदाण्याचे दाणे खाल्ले आणि भिंत गेली, असे पेशंट दर महिन्याला येतात. ग्लास आयोनोमरनंतर तासभर काही खाऊ नका आणि दिवसभर कडक काही चावू नका.

कंपोझिटवर तंबाखू, चहा आणि हळदीचा रंग चढतो. पॉलिश चांगलं असेल तर कमी चढतो.

थंडाची हलकी कळ तिन्हींत काही दिवस येऊ शकते. चांदीत थोडी जास्त, कारण धातू गारवा लवकर आत नेतो. ती दिवसागणिक कमी होत गेली पाहिजे. पंधरा दिवसांनी तशीच असेल, किंवा आपोआप ठणका सुरू झाला, तर नस बिघडते आहे.

चावताना दुखणं ही वेगळी गोष्ट. नानांना दुसऱ्या दिवसापासून भाकरी चावली की टोचायचं. ‘नवं आहे, रुळेल’ म्हणून त्यांनी तीन दिवस दुसऱ्या बाजूने जेवून काढले. चौथ्या दिवशी आले, निळ्या कागदावर एक ठळक ठिपका उठला, तिथे केसभर घासलं, पाच मिनिटांत दुखणं गेलं. भुलीत चावण्याचा अंदाज नीट येत नाही, म्हणून उंची राहून जाते. ती आपोआप ‘रुळत’ नाही, उलट मुळाशी सूज येते. दोन दिवसांत परत जा, संकोच नको.

## टप्पा ८: जुनं कधी बदलायचं, कधी हात लावायचा नाही

जुनी काळी चांदी दिसायला वाईट म्हणून ती काढून कंपोझिट भरायला सांगणारे आता वाढले आहेत. पाऱ्याची वाफ सर्वांत जास्त सुटते ती चांदी भरताना आणि उकरताना. शांत बसलेल्या, घट्ट चांदीला हात लावायचं कारण नाही. गरोदरपणात तर मुळीच नाही. बदलायची ती कडेला खाच पडून दोरा फाटत असेल, एक्स-रेत खाली कीड दिसत असेल, चांदी हलत असेल किंवा दाढेला तडा गेला असेल तेव्हा. आणि काढायचीच असेल तर भरपूर पाण्याखाली, जोराच्या सक्शनने, शक्य तर रबराचा पडदा लावून, मोठ्या तुकड्यांत.

कंपोझिटच्या कडेला तपकिरी रेघ दिसली की लगेच घाबरायचं नाही. कधी तो फक्त तंबाखू-चहाचा डाग असतो आणि पॉलिशने जातो. अवजाराचं टोक तिथे रुतत असेल आणि एक्स-रेतही सावली दिसत असेल तर ती कीड. ग्लास आयोनोमर झिजून खड्डा पडत असेल तर तो तुटण्याची वाट पाहू नका, कारण त्याच्या तळाचा भाग बहुधा चांगला असतो. तो ठेवून वर कंपोझिट चढवता येतं.

दर सहा महिन्यांनी दाखवायला या, आणि मधल्या फिलिंगांचा एक्स-रे वर्ष-दीड वर्षाने काढा. नानांचा मागच्या उन्हाळ्यात काढला. कडा बंद, खाली सावली नाही, दोरा ‘टक्’ करून आत गेला. डाव्या बाजूला मात्र, वरच्या दोन दाढांच्या मध्ये, कवचापुरती नवी कीड दिसली. अजून भोक पडलेलं नाही. तिथे काहीच भरलं नाही. फ्लोराइडचं वार्निश लावलं, रात्री मध्ये दोरा फिरवायला शिकवलं आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली.